हिरवी मुलगी, चंद्राची सळी आणि उभं न राहणारं घर

आमच्या वाचनकट्ट्यावर एक काका येतात. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते, आता निवृत्त आहेत. कविता हातात पडली की त्यांचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे नेमकं झालं काय?" मध्यंतरी मी लोर्काची एक कविता वाचायला घेतली, तेव्हा त्यांनी खिशातून विजेचं जुनं बिल काढलं आणि पाठकोऱ्या बाजूवर घराचा नकाशा मांडायला बसले. कठडा कुठे, जिना कुठे, पाण्याचं टाकं कुठे. पंधराएक मिनिटांनी पेन खाली ठेवून म्हणाले, "हे घर उभंच राहत नाही."

बाकीचे हसले. पण मला त्यांचं म्हणणं पटलं, कारण घर उभं राहत नाही हे शोधायला आधी ते बांधून बघावं लागतं, आणि ते कष्ट त्यांच्याशिवाय कुणीच घेतले नव्हते.

कविता अशी. फेदेरिको गार्सिया लोर्का हा स्पेनच्या दक्षिणेतला, ग्रानादाजवळच्या गावातला कवी. जन्म १८९८ चा. १९३६ मध्ये, यादवी युद्ध पेटताच त्याला गोळ्या घालून मारलं. त्याचं 'जिप्सी कथागीतं' हे पुस्तक १९२८ मध्ये आलं. त्यातल्या अठरा कवितांपैकी एकीचं नाव साधारण 'झोपेत चालणारं कथागीत' असं होईल. मूळ शब्द 'रोमान्से'. प्रेमकथेशी त्याचा संबंध नाही. तो तिथला जुना लोकगीताचा साचा आहे. आठ-आठ उच्चारांची ओळ, एकाआड एक ओळीच्या शेवटी तेच स्वर, आणि त्यात सांगितलेली एखादी घटना. आपल्याकडे पोवाडा सुरू झाला की आता काहीतरी घडलेलं कानावर येणार म्हणून माणूस सरसावून बसतो, तसं तिथे रोमान्सेचं. लोर्काच्या या कवितेतला साचा अगदी चोख आहे. सुमारे पंच्याऐंशी ओळी, शेवटचे स्वर सगळीकडे 'आ-आ'. म्हणजे कानाला सतत वाटत राहतं की गोष्ट चालू आहे.

सुरुवातीच्या ओळी मी स्पॅनिशवरून अशा केल्या आहेत:

हिरवं, मला हवंस तू हिरवं.
हिरवा वारा. हिरव्या फांद्या.
जहाज समुद्रावर
आणि घोडा डोंगरात.
कमरेला सावली घेऊन
ती आपल्या कठड्याशी स्वप्न बघते,
हिरवं अंग, हिरवे केस,
डोळे थंड चांदीचे.

पुढे एक जखमी तरुण येतो. छातीपासून गळ्यापर्यंत चिरलेला. तो एका वयस्क माणसाशी बोलतो, त्याला 'कोम्पाद्रे' म्हणतो. मुलाचा बाप आणि त्याच मुलाचा धर्मपिता एकमेकांना हा शब्द वापरतात. सलगीने मित्रालाही म्हणतात. दोघे रक्ताचा आणि आसवांचा माग ठेवत वरच्या कठड्याकडे चढतात. मुलगी तिथे नसते. ती टाक्यावर झुलत असते. मग दारावर दारूच्या नशेतले सिव्हिल गार्ड, म्हणजे तिथले बंदूकधारी ग्रामीण पोलीस, धडका मारतात. आणि पुन्हा: हिरवं, मला हवंस तू हिरवं. जहाज समुद्रावर. घोडा डोंगरात. संपलं.

तरुणाला कुणी मारलं? मुलगी त्याची कोण? ती मेली का, आणि कशी? पोलीस कुणासाठी आले? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर कवितेत नाही. स्वतः लोर्का या पुस्तकाचं जाहीर वाचन करायचा तेव्हा या कवितेबद्दल म्हणायचा की इथे घटना घडत असल्याचा भास मोठा आहे, वातावरण नाट्यमय आहे, पण काय घडतंय ते कुणालाच ठाऊक नाही, मलासुद्धा नाही. लोकांना हा विनय वाटतो किंवा नखरा. मला ती वाचकाला दिलेली सरळ सूचना वाटते.

पण "कळत नाही" म्हणून सोडून देणं आणि "कळत नाही" हे नीट वाचणं यांत फरक आहे. तो फरक समजायला आपल्या स्वप्नांकडे जाऊ.

मला एक स्वप्न अधूनमधून पडतं. आजोळच्या माजघरात एसटी उभी असते. लाल, डेपोतून निघालेली, इंजिन चालू. माजघराची उंची बघता एसटी आत मावणं शक्य नाही, पण स्वप्नात मला त्याचं काहीच वाटत नाही. माझी सगळी घालमेल एकाच गोष्टीची असते: माझ्याकडे सुट्टे पैसे नाहीत. जे अशक्य आहे ते विनातक्रार पार पडतं आणि जीव अडकतो सुट्ट्या पैशांत. स्वप्नाचं तर्कशास्त्र म्हणतात ते हे. तर्क नसतो असं नाही. तर्क असतो, व्यवहारही असतो, फक्त आश्चर्य वाटायला हवं तिथे आश्चर्य गायब असतं.

लोर्काच्या कवितेत तंतोतंत हेच चाललंय. मुलगी हिरवी आहे याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. तरुण मात्र गळ्यापर्यंत चिरलेला असताना बाजारात करावा तसा सौदा करतो: माझा घोडा घ्या, तुमचं घर द्या, माझं खोगीर घ्या, तुमचा आरसा द्या, माझी सुरी घ्या, तुमचं पांघरूण द्या. त्याची इच्छा काय, तर स्वतःच्या पलंगावर नीटनेटकं मरावं, पलंग जमलं तर पोलादी असावा आणि चादरी हॉलंडच्या कापडाच्या. हे त्याचे सुट्टे पैसे. आणि म्हाताऱ्याचं उत्तर: "पोरा, मला शक्य असतं तर हा सौदा केला असता. पण मी आता मी नाही, आणि माझं घर आता माझं घर नाही." सौदा मोडण्याचं कारण व्यवहारातलंच दिलंय, मालकी माझ्याकडे नाही. फक्त ज्याची मालकी गेली आहे त्यात तो स्वतःही आहे.

इथे मराठी वाचकाची एक खास अडचण आहे, आणि ती आपल्या श्रीमंतीतून आली आहे. अशक्य प्रतिमा आपल्याला नव्या नाहीत. मुक्ताबाईंचा अभंग आपण लहानपणापासून ऐकतो: मुंगी उडाली आकाशीं, तिणें गिळिलें सूर्याशीं. वांझेला मुलगा होतो, विंचू पाताळात जातो आणि शेष त्याच्या पायांवर डोकं ठेवतो, माशी विते आणि घार होते. कीर्तनात हे आलं की बुवा उलगडून सांगतात: मुंगी म्हणजे हे, सूर्य म्हणजे ते. एकाने मुंगीला जीव म्हटलं तर दुसरा सूक्ष्म बुद्धी म्हणेल, पण पद्धत एकच. हे कूट आहे आणि कुटाला किल्ली असते. भारुडातही तेच, वरवर विंचू चावतो आणि आत दुसरंच काही चावत असतं.

ही पद्धत चुकीची नाही, त्या रचनांना ती लागू पडते. पण तिची इतकी सवय झाली आहे की कुठलीही अवघड कविता दिसली की आपण कमरेची किल्ली काढतो. मर्ढेकरांचे ओल्या पिपातले उंदीर दिसले की गाइडात उत्तर तयार असतं, "उंदीर म्हणजे यंत्रयुगातला माणूस." पाच गुण मिळतात. पीप, ओलेपणा, मुरगळल्याविना पडलेल्या माना, सगळं त्या एका वाक्याखाली गाडलं जातं.

कूट आणि स्वप्न यांतला फरक खुद्द मुक्ताबाईंच्याच एका ओळीतून दाखवता येतो. मुंगीने सूर्य गिळला की लगेच पुढची ओळ येते: थोर नवलाव जाला. मोठं नवल झालं! अभंग स्वतःच सांगतो की हे जगावेगळं आहे, थांबा, विचार करा. आणि शेवटी मुक्ताई ते बघून हसते. जे घडलं ते घडायला नको होतं हे ठाऊक असलेलं कुणीतरी तिथे उभं आहे. लोर्काच्या कवितेत नवलाव नाही. हिरव्या मुलीला बघून कुणी हसत नाही, दचकत नाही. अशक्य प्रतिमा पुढे आली की मी आधी एवढंच बघते: या कवितेत कुणाला याचं नवल वाटतंय का? वाटत असेल तर किल्ली शोधायला हरकत नाही. वाटत नसेल तर आपण बहुधा स्वप्नात आहोत आणि तिथे किल्लीला कुलूपच नसतं. हा नियम प्रत्येक कवितेला लागू होईल असं नाही, पण सुरुवात करायला बरा पडतो.

आता त्या हिरव्याकडे येऊ, कारण सगळी भांडणं तिथेच होतात.

हिरवं म्हणजे मृत्यू, असं बरेच जण सांगतात. कुजणारं अंग, टाक्यातलं शेवाळ. हा अर्थ शेवटच्या भागात छान बसतो. पण मग पहिली ओळ "मरणा, मला हवंस तू मरण" अशी होते, आणि हिरव्या फांद्या म्हणजे मेलेल्या फांद्या होतात, जे उघडच हास्यास्पद आहे. बरं, हिरवं म्हणजे जीवन, वासना, कोवळीक? फांद्या जुळल्या, वारा जुळला, "मला हवंस" जुळलं. पण थंड चांदीचे डोळे कुठे ठेवायचे? आमच्या कट्ट्यावर एका मैत्रिणीने हिरवा चुडा काढला, हळदीची नवरी काढली. ऐकायला फार सुंदर वाटलं, पण तो आपला हिरवा रंग आहे, लोर्काच्या दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियातला नाही. तो मनात येणारच, येऊ द्यावा. फक्त तो लोर्काच्या नावावर खपवू नये.

या सगळ्या प्रयत्नांत चूक एकच होते. 'हिरवं म्हणजे काय' हा प्रश्न हिरव्याला एका जागी बांधतो. त्याऐवजी हिरवं कुठून कुठे जातं ते बघावं. पेन्सिल घेऊन कवितेतलं प्रत्येक हिरवं अधोरेखित करा. आधी वारा हिरवा. मग फांद्या. मग मुलीचं अंग आणि केस. पुढे तरुण म्हणतो, मला वर जाऊ द्या, त्या हिरव्या कठड्यांपर्यंत. म्हणजे कठडेही हिरवे. आणि मग ती जागा येते जी घाईत हमखास सुटते. तरुण विचारतो, कुठे आहे तुझी ती कडवट पोर? म्हातारा म्हणतो, किती वेळा तिने तुझी वाट बघितली, टवटवीत चेहरा, काळे केस, याच हिरव्या कठड्याशी!

केस काळे. संपूर्ण कवितेत फक्त या एका जागी. बापाच्या आठवणीत मुलगी हिरवी नाही, कठडा हिरवा आहे. (बाप म्हणून गेले, कवितेत तो बाप असल्याचं थेट म्हटलेलं नाही, 'तुझी पोर' एवढंच आहे.) म्हणजे ती जिवंत होती, वाट बघत होती, तेव्हाही हिरवं तिथे होतंच, तिच्या हाताखाली. आणि कवितेत ती आपल्याला पहिल्यांदा भेटते तेव्हा ते तिच्या अंगात, केसांत पोचलेलं आहे. वाट बघता बघता कठड्याचा रंग तिला लागला, असं म्हणता येईल. पण मी तसं म्हणतेय, कविता म्हणत नाही. ती फक्त दोन चित्रं समोरासमोर ठेवते आणि मधली पायरी काढून घेते.

भाषांतर करताना हे हिरवं माझ्या बोटाला चांगलंच झोंबलं. मूळ ओळ अशी उच्चारतात: वेर्दे के ते किएरो वेर्दे. 'वेर्दे' या शब्दाला स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी रूप एकच आहे. त्यामुळे ही ओळ मुलीला उद्देशून आहे की रंगाला की डोंगराला, ते शब्दावरून सांगता येत नाही. मराठीत सुटका नाही. हिरवा, हिरवी की हिरवं, यातलं एक निवडावंच लागतं. 'हिरवी' लिहिलं की ओळ मुलीची झाली, प्रेमकविता झाली, प्रश्न मिटला. मी 'हिरवं' लिहिलं, कारण नपुंसकलिंगात निदान रंगाला जागा राहते. तरी काहीतरी गमावलंच. शिवाय 'किएरो' मध्ये 'मला हवं' आणि 'माझं प्रेम आहे' ही दोन्ही आहेत, तिथेही मी अर्धंच आणू शकले.

उलट एका ठिकाणी मराठीने मला फुकटात काहीतरी दिलं. तरुण म्हणतो, मी काब्राच्या 'पुएर्तो'पासून रक्त गाळत आलोय. काब्रा हे कोर्दोबा प्रांतातलं गाव, समुद्रापासून दूर. तिथे 'पुएर्तो' म्हणजे डोंगरातली खिंड. पण हाच शब्द बंदरालाही वापरतात. म्हणजे ज्या शब्दाने घोडा डोंगर ओलांडतो त्याच शब्दात जहाज नांगर टाकतं. आणि आपल्याकडे 'घाट' आहे! बोरघाटही घाटच आणि नदीकाठी पायऱ्या उतरतात तोही घाटच. "काब्राच्या घाटापासून" असं लिहिलं आणि मराठी ओळीत डोंगर आणि पाणी एका शब्दात आले. स्वप्नं अशीच शब्दांच्या सांध्यावरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात. फ्रॉइडने स्वप्नांवरच्या १९०० सालच्या पुस्तकात अशा कोट्यांना बरीच जागा दिली आहे. मात्र त्याच पुस्तकात, प्रत्येक गोष्टीचा अर्थ लावायला निघालेल्या या माणसाने, हेही लिहून ठेवलंय की प्रत्येक स्वप्नात एक अशी जागा असते जिथे थांग लागत नाही. तिला तो स्वप्नाची बेंबी म्हणतो.

कवितेतल्या सगळ्या विचित्र प्रतिमा मात्र एकाच जातीच्या नाहीत, आणि सगळ्यांना 'स्वप्न' म्हणून सोडून देणं हाही आळसच. म्हातारा तरुणाला म्हणतो, तुझ्या पांढऱ्या सदऱ्यावर तीनशे सावळे गुलाब आहेत. इथे गोंधळ नाही. रक्ताचे डाग आहेत, सुकत चाललेले, म्हणून लाल नसून सावळे. साधं रूपक आहे, तीनशे हा आकडा तेवढा अंगावर येतो. दुसरी एक ओळ: डोंगर, चोरटा बोका, आपले आंबट 'पीता' फिस्कारतो. पीता म्हणजे घायपात. आपल्याकडे माळावर, रेल्वेच्या कडेला, शेताच्या बांधावर दिसते तीच. तिची टोकदार पानं उभी राहिलेला डोंगर संध्याकाळी बघितला असेल तर पाठीवरचे केस ताठ केलेला बोका दिसायला फार कष्ट पडत नाहीत. तिसरी: अंजिराचं झाड आपला वारा फांद्यांच्या पॉलिशपेपरने घासतं. अंजिराच्या पानावरून एकदा बोट फिरवा, म्हणजे पॉलिशपेपर कुठून आला ते कळेल. फक्त इथे झाड वाऱ्याला घासतंय, वारा झाडाला नाही, आणि वारा झाडाच्या मालकीचा आहे. प्रतिमेचा एक पाय स्पर्शात पक्का रोवलेला आणि दुसरा हवेत. हिरवं अंग याहून पुढचं. तिथे दोन्ही पाय हवेत आहेत.

आणि मग शेवटची, सगळ्यात अवघड. ती मी सावकाश घेते.

टाक्याच्या चेहऱ्यावर
झुलत होती ती जिप्सी पोर.
हिरवं अंग, हिरवे केस,
डोळे थंड चांदीचे.
चंद्राची एक बर्फाची सळी
तिला पाण्यावर धरून आहे.

टाकं म्हणजे पावसाचं पाणी साठवायचा हौद, आपल्या गडांवर असतो तसा. 'चेहरा' हा शब्द मुद्दाम ठेवला. आपण 'विहिरीचं तोंड' म्हणतो तेव्हा कुणाला तोंड दिसत नाही, तो शब्द झिजून गेलाय. लोर्का तोंड म्हणत नाही, मुखडा म्हणतो, आणि पाणी अचानक वर बघायला लागतं. 'बर्फाची सळी' ही माझी तडजोड. थंड देशांत पागोळ्या थेंबाथेंबाने गोठून वळचणीला भाल्यासारख्या लटकतात. आपल्याला तो अनुभवच नाही, त्यामुळे शब्दही नाही.

इथे 'सळी म्हणजे काय' असं विचारलं की हात रिकामे राहतात. त्याऐवजी एखादी वस्तू हातात घेऊन बघावी तसे प्रश्न विचारावेत. ती थंड की गरम? थंड, आणि डोळेही थंड आहेत. ती कुठून कुठे जाते? गोठलेली पागोळी वरून खाली लटकते, म्हणजे मुलगी खालून तरंगत नाही, वरून धरलेली आहे. वजन पेलेल का? चंद्रप्रकाशाची सळी, कशी पेलेल! पण पेलतेय. टिकेल का? पहाट होत आलीये. बर्फ आहे, उजेड आहे, दोन्ही उन्हात जाणार. एकही अर्थ न काढता आपल्याला केवढं काय कळलं बघा: थंडी, वरून खाली येणारी ताण धरलेली रेघ, अशक्य वजन आणि थोडाच उरलेला वेळ.

क्रियापदंही बघा. मुलगी 'झुलत होती', भूतकाळ. सळी 'धरून आहे', वर्तमान. जुन्या रोमान्सेंत काळ असे उड्या मारतातच, पण इथे त्या उडीत मुलगी अडकून राहते. ती तेव्हा झुलत होती आणि आत्ता धरलेली आहे. तिचं वर्णन करणारे शब्द तर कवितेच्या सुरुवातीला कठड्यापाशी आले होते तेच आहेत. मग ती सुरुवातीलाच टाक्यावर होती का? की कठडा आणि टाकं एकच? काकांचा नकाशा मोडला तो इथे. दोघे पुरुष वर चढतात, आणि वर जाऊन पाणी भेटतं. तरुण तर आधीच म्हणून गेलाय: चंद्राचे कठडे, जिथे पाणी घुमतं.

"मग काहीही अर्थ लावला तरी चालतो?" हा प्रश्न येतोच. नाही चालत. आमच्याकडे एकजण ठामपणे म्हणाले, मुलीने टाक्यात जीव दिला. कित्येक जण असंच वाचतात, आणि शक्यता आहेच. पण मी त्यांना 'बुडाली' दाखवायला सांगितलं. नाही. 'मेली'? तेही नाही. कविता 'पाण्यावर' म्हणते, 'पाण्यात' म्हणत नाही. मरायची भाषा आख्ख्या कवितेत एकट्या तरुणाच्या तोंडी आहे. दुसऱ्या कुणी तरुणाला तस्कर ठरवलं. त्या डोंगरांत तस्करी चालायची, पोलीस मागे लागायचे, अंदाज वाजवी आहे, पण तोही शब्द कवितेत नाही. असे अंदाज मनाशी असावेत, फक्त ओळीवर बोट ठेवता येतं का ते तपासावं. वाचन बिघडल्याची खूण मला एवढीच ठाऊक आहे: अर्थ जुळवण्यासाठी काही ओळींकडे काणाडोळा करावा लागतोय. हिरवं म्हणजे मृत्यू म्हणणाऱ्याला फांद्या नकोशा होतात, हिरवं म्हणजे जीवन म्हणणाऱ्याला चांदीचे डोळे. जे वाचन या दोन्ही ओळी ठेवून घेतं ते, अपुरं का असेना, जास्त खरं.

ही कविता अतिवास्तववादी आहे का, असंही विचारतात. आंद्रे ब्रेतोंने पॅरिसमध्ये त्या चळवळीचा जाहीरनामा १९२४ साली काढला. मनाला लगाम न घालता हात चालेल तसं लिहावं, ही त्यातली मुख्य कल्पना. लोर्काला ते बिरूद चिकटवताना जपून. १९२८ मध्ये एका समीक्षक मित्राला आपल्या काही गद्यकविता पाठवताना त्याने बजावलं होतं की हा अतिवास्तववाद नव्हे, बरं का, इथे अत्यंत स्वच्छ जाणिवेचा उजेड आहे. या कथागीतात तर प्रत्येक ओळ मोजून बसवली आहे आणि एक स्वर शेवटपर्यंत सांभाळला आहे. झोपेत चालणारी माणसं धडपडत नाहीत म्हणतात, तशी ही ओळ चालते.

परवा काका पुन्हा तेच बिल घेऊन आले. जिना खोडून दुसरीकडे काढला होता, टाकं गच्चीवर नेलं होतं, आणि कठड्याला हिरवं स्केचपेन मारलं होतं. ते मात्र वेगळंच काही सांगायला आले होते. "हा पोरगा घराच्या बदल्यात घोडा देतो म्हणतो ना? पण घोडा तर डोंगरात आहे. पहिल्या कडव्यातही तिथे, शेवटीही तिथेच. मग हा आला कशावर बसून?"

मी पुस्तक उघडून बघितलं. खरंच, घोडा दारात आल्याची एकही ओळ नाही.